आई-बाबांना पाठवायचा मेसेज: खोटे फोन कसे ओळखायचे? मसुदा बघून द्या

शेवंती
आई-बाबा सांगलीला असतात, मी बंगळूरला. बाबा ७६ वर्षांचे, झेडपीतून निवृत्त. व्हॉट्सॲप, यूपीआय सगळं सराईतपणे वापरतात. आई फोन उचलते आणि समोरचा गोड बोलला की पंधरा मिनिटं बोलते. त्यांच्या सोसायटीत लागोपाठ दोघांना फोन आले. एकाला वीजबिलाचा, एकाला ‘पोलिसांचा’. म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकायला हे लिहिलंय:

‘आई-बाबा, १) ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका. २) अनोळखी नंबर उचलू नका. ३) कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका. ४) कस्टम्स, सीबीआय, ट्राय, आरटीओ, महावितरण, बँक, कुरिअर यांच्या नावाने फोन आला तर तो खोटा समजा. ५) केवायसी फोनवर करू नका. ६) पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. ७) ट्रूकॉलरवर नाव बघा. ८) फसवणूक झाली तर १९३०.’

काही राहिलंय का?

आडवाटेचा
राहिलं काहीच नाही, तोच घोटाळा आहे. आठ मुद्दे माझ्याही लक्षात राहत नाहीत, आणि मी अजून चाळिशीत आहे.

मनोहर ७४
मी स्वतः ‘त्या’ वयोगटातला, म्हणून बोलतो. तुमचा दुसरा मुद्दा आम्ही पहिल्याच दिवशी मोडणार. गॅसवाला, लॅबमधला रक्त घ्यायला येणारा मुलगा, नातवाचा नवा नंबर, सगळे अनोळखीच. फोन उचलायचा नाही म्हणजे घर बंद करून बसायचं. चौथ्या मुद्द्याचंही तसंच. महावितरणचा माणूस खरंच फोन करतो, मीटर बदलायचं असलं की. सगळे खोटे असं सांगितलंत आणि एक खरा निघाला की तुमचा अख्खा मेसेज आम्ही निकालात काढतो.

रानजाई
+१ काका.

गोदाकाठ
आमच्या मामांचं सांगते, कारण त्यात ओटीपीचा संबंधच नव्हता. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. सकाळी रेकॉर्ड केलेला आवाज: ‘आपला मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ त्यांनी दाबला. पुढचा माणूस अदबीने बोलला. म्हणे तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिमकार्ड निघालंय, त्यावरून लोकांना घाणेरडे मेसेज गेलेत, गुन्हा नोंद आहे. मी तुमचा फोन ठाण्याला जोडून देतो. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे बोधचिन्ह, वायरलेसचा खरखराट. ओळखपत्र दाखवलं, सुप्रीम कोर्टाच्या नावाचा कागद पाठवला, त्यावर मामांचं नाव आणि आधार क्रमांक अगदी बरोबर.

मग सांगितलं की हे गोपनीय प्रकरण आहे, घरच्यांना कळवलंत तर तेही आरोपी होतील. व्हिडिओ चालू ठेवायचा. स्वयंपाकघरात जायचं तरी परवानगी घ्यायची. संध्याकाळपर्यंत मामांची खात्री पटली होती की हा ‘साहेब’ आपल्या बाजूचा आहे. तो म्हणाला, तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करायला ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेकडून तपासून घ्यावी लागेल, ४८ तासांत परत मिळेल. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः रिक्षाने बँकेत गेले, एफडी मोडली आणि आरटीजीएस केलं. ११ लाख. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं होतं. ते त्यांनी वाचलंही होतं.

ओटीपी नाही, लिंक नाही, पिन नाही. तुमच्या आठपैकी पाच नियम मामांनी पाळले होते.

शेवंती
बाप रे. बँकेतल्या कुणी काहीच विचारलं नाही?

गोदाकाठ
विचारलं. ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’ असं उत्तर द्यायचं, हे त्यांना आधीच पढवलेलं होतं.

खातेवही
मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची काही शाखाधिकारी म्हणून. गोदाकाठ, तुमच्या मामांसारखे ग्राहक काउंटरवर उभे राहिलेले मी पाहिलेत. लक्षात येण्यासारखी खूण सांगतो. वयस्कर माणूस, मुदतीआधी ठेव मोडतोय, व्याज किती बुडेल हे विचारतही नाही आणि फोन हातात उलटा धरलेला किंवा खिशात चालू. एरवी पन्नास रुपयांच्या चार्जसाठी भांडणारा माणूस व्याजाबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. अशा वेळी मी पैशाचं विचारत नसे. केबिनमध्ये बसवून चहा मागवायचो आणि म्हणायचो, ‘तुमच्या मुलाला माझ्यासमोर फोन लावा, मला त्याच्याशीच बोलायचंय.’ एकदा एक आजी तिथेच रडायला लागल्या. दुसरे एक गृहस्थ माझ्यावर ओरडून निघून गेले आणि दुसऱ्या शाखेतून पैसे पाठवून आले. म्हणजे शाखेचा अडसर असतो, पण भरवशाचा नाही.

आता मसुद्याबद्दल. फोनवर कोण आहे हे ओळखायचा प्रयत्नच करू नये. आवाज, नंबर, नाव, ओळखपत्र, तुमच्याबद्दलची माहिती, सगळं बनवता येतं. आधार आणि पॅन क्रमांक तर आपणच झेरॉक्सच्या दुकानापासून लॉजच्या रजिस्टरपर्यंत वाटलेले असतात. नियम एकच: आलेल्या फोनवर कुठलंही काम करायचं नाही. फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण लावायचा. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो, महावितरणचा बिलावर, पोलीस ठाण्याचा वहीत. समोरच्याने दिलेला नंबर चालत नाही, आणि गुगलवर शोधलेलाही नाही. कस्टमर केअर म्हणून तिथे चोरच आपले नंबर चिकटवून ठेवतात.

खरा बँकवाला ‘मी उद्या शाखेत येतो’ म्हटल्यावर रागावत नाही. त्याचं काम होण्याशी मतलब.

टेक्नोबुवा
एवढं सगळं कशाला? नंबर बघा ना. बँकांना आता १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेत, जाहिरातवाल्यांना १४०. दहा आकडी मोबाइलवरून ‘बँक’ बोलली की खोटी. शिवाय ट्रूकॉलर आहेच.

खातेवही
अर्धं बरोबर. दहा आकडी मोबाइलवरून कुणी खात्याबद्दल बोलायला लागला तर संशय घ्यावा, हे खरंच. पण शाखेतला कारकून अजूनही स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो, ‘चेकवर सही जुळत नाही, येऊन जा’ म्हणून. आणि १६०० दिसलं म्हणजे बिनधास्त बोलायचं, असं डोक्यात बसलं तर आणखी वाईट. नंबरवरून संशय घ्यावा, खात्री मात्र करून घेऊ नये.

रानजाई
ट्रूकॉलरवरचं नाव लोकच भरतात. आमच्या बिल्डिंगमधल्या प्लंबरचं नाव तिथे ‘डॉक्टर पाइप’ असं येतं. तसंच कुणी ‘मुंबई क्राइम ब्रँच’ म्हणूनही येऊ शकतो.

टेक्नोबुवा
डॉक्टर पाइप 😂 बरं, तो मुद्दा मागे.

पोपट पंची
मला दिवसात दहा वेळा पर्सनल लोनचे फोन येतात. वैताग आलाय. त्यावर काय उपाय?

आडवाटेचा
पोपटराव, धागा वेगळा आहे, पण सांगतो. १९०९ वर `START 0` असा एसएमएस करा. डीएनडी चालू होईल, नोंदणीकृत जाहिरातवाले कमी होतील. चोर डीएनडीची यादी बघून फोन करत नाहीत, त्यामुळे या धाग्यातल्या दुखण्याला त्याचा उपयोग शून्य.

वकीलकाकू
पोलिसांच्या फोनबद्दल. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही आणि तपासासाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ भरायला कुठलीही यंत्रणा सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं पुरेसं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट केलंय.

शेवंती, तुमच्या बाबांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा, त्यांना धीर येईल. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर साठ वर्षांवरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं. कलम १७९. म्हणून फोनवर कुणी ‘दोन तासांत मुंबईला हजर व्हा, नाहीतर व्हिडिओवर जबाब द्या’ म्हणालं तर उत्तर एकच: ‘घरी या, आम्ही सांगलीत आहोत.’

आडवाटेचा
म्हणजे सरकारी कागद व्हॉट्सॲपवर आला की तो खोटाच, असं मेसेजमध्ये लिहायला हरकत नाही ना?

वकीलकाकू
हरकत आहे. मी सांगितलं ते पोलिसांच्या त्या नोटिशीपुरतं. नव्या कायद्यात कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची सोय केलेली आहे. उद्या बाबांना सोसायटीच्या दाव्यात खरंच असं काही आलं आणि त्यांनी ते पुसून टाकलं तर भलतंच होईल. कागद आला तर घाबरायचं नाही आणि पुसायचाही नाही. प्रिंट काढून जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवायचा.

मनोहर ७४
हे पटलं. ‘खोटंच’ आणि ‘दाखवून घ्या’ यातला फरक आम्हाला कळतो. आम्हाला फसवलं जातं ते अक्कल कमी म्हणून नाही, सरकारी माणसाला उलट बोलायची सवय नाही म्हणून. चाळीस वर्षं साहेबाला ‘हो सर’ म्हटलेला माणूस पोलिसाच्या तोंडावर फोन कसा ठेवणार? त्याला ठेवताना म्हणायचं वाक्य द्या. माझं आहे: ‘साहेब, मला ऐकू कमी येतं, मुलाशी बोलून तुम्हाला ठाण्यातून फोन करतो.’ आणि ठेवायचा. कान माझे उत्तम आहेत.

रानजाई
काका, वाक्य ढापलं तुमचं.

सातारी कंदी
वीजबिलाचं कुणी बोललंच नाही. आमच्या बाबांना मेसेज आला: मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा. बाबांनी केला. ‘अधिकारी’ म्हणाला, दहा रुपये भरा म्हणजे अपडेट होईल, ॲप पाठवतो. व्हॉट्सॲपवर फाइल आली, नावाच्या शेवटी `.apk`. बाबांनी टाकून घेतली. फोनने विचारलं, एसएमएस वाचू देऊ का? बाबांनी ‘अलाऊ’. त्यानंतर ओटीपी कुणी मागितलाच नाही. येणारे एसएमएस परस्पर तिकडे जात होते. आता तोच प्रकार आरटीओच्या चलनाच्या आणि लग्नपत्रिकेच्या नावानेही चालतो.

शेवंती
मग ‘ओटीपी सांगू नका’ हे पुरेसं नाहीच. किती गेले?

सातारी कंदी
८६ हजार. बाबा दिवसभर म्हणत होते, ‘मी ओटीपी दिलेला नाही.’ खरंच दिला नव्हता.

कोडगा
अँड्रॉइडवर काम करतो, म्हणून दोन गोष्टी. एक, ॲप फक्त प्ले स्टोअरमधून. सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ अशी परवानगी असते, ती व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिन्हींसाठी बंद करून ठेवा. दिवाळीत घरी जाल तेव्हा पहिलं हेच काम करा. दोन, आणि ही खातेवहींच्या नियमाला पुरवणी आहे. अशी फाइल एकदा टाकली गेली असेल तर त्या फोनवरून कुणालाही फोन करून खात्री करू नका. काही ॲप्स तुम्ही लावलेला फोनही चोराकडे वळवू शकतात. विमान मोड चालू करा, वायफाय बंद झालंय ना ते बघा, आणि शेजाऱ्याच्या फोनवरून १९३० आणि बँक.

कॉल वळवण्याची दुसरी युक्ती म्हणजे `*21*` किंवा `*401*` आणि पुढे त्यांचा नंबर डायल करायला सांगतात. ‘कुरिअरवाल्याशी जोडतो’ म्हणून. तसं केलं गेलं असेल तर `##002#` डायल केल्याने सगळं वळवणं रद्द होतं.

आडवाटेचा
सोप्या शब्दांत: समोरचा फोनवर काही दाबायला, डायल करायला किंवा डाउनलोड करायला सांगतो, तिथेच ठेवायचा.

खातेवही
बरोबर. मी यात चार क्रियापदं धरतो: दाबा, टाका, दाखवा, पाठवा. आलेल्या फोनवरून यातलं काहीही करायचं नाही. वीजबिल असो, सीबीआय असो, पुढच्या वर्षी निघणारी नवी भानगड असो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने पेन्शनरांना असे फोन येतात. त्यांचं नाव तुमच्या यादीत नव्हतं, पण क्रिया त्याच चार.

टोरांटोची माई
आमच्या सासूबाईंना ‘तुमच्या नातवाला पोलिसांनी पकडलंय’ असा फोन आला, मागे मुलगा रडतोय. इथे रात्र होती, आमचे फोन सायलेंटवर. त्यांनी रडणाऱ्याला विचारलं, ‘बाळा, आपल्या कुत्र्याचं नाव काय?’ फोन कट. आमच्याकडे कुत्रा नाहीये. 😄

रानजाई
मस्तच! पण घाबरलेल्या माणसाला असं सुचेल का? परवलीचा शब्द ठरवावा का घरात?

टोरांटोची माई
ठरवला होता. सासरे विसरले. आता नियम असा की आम्ही नाही उचलला तर सांगलीच्या दिरांना लावायचं, ते नसतील तर शेजारच्या जोशीकाकूंना. पैसे कुणालाही पाठवायचे नाहीत, एक रात्र गेली तरी चालेल.

गोदाकाठ
पैसे गेल्यावर काय, हेही मेसेजमध्ये असू द्या. मामांनी लाजेपोटी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. तोवर रक्कम कितीतरी खात्यांतून पुढे निघून गेली होती. १९३० ला फोन केला की व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खाते क्रमांक विचारतात, मग पुढच्या बँकेत जे शिल्लक असेल ते गोठवायचा प्रयत्न होतो. शिल्लक असेल तर. मामांचे ७० हजार सापडले. ते सोडवून घ्यायला कोर्टाचे हेलपाटे चालू आहेत.

खातेवही
बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. अजिबात चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. पण स्वतः पिन दिला किंवा स्वतः आरटीजीएस केलं तर तो आधार फारसा मिळत नाही. कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

मनोहर ७४
आणि मुलांनो, पैसे गेल्यावर आम्हाला रागावणार नाही, हे लेखी द्या. चार दिवस लपवलं जातं ते चोराच्या भीतीने नाही, तुमच्या ‘मी सांगितलं होतं ना’च्या भीतीने.

शेवंती
काका 🙏. सगळ्यांचं वाचून मसुदा पुन्हा लिहिला:

‘आई-बाबा, फोन खुशाल उचला. पण कुणीही, अगदी पोलीस किंवा बँकसुद्धा, फोनवरून काही दाबायला, टाकून घ्यायला, दाखवायला किंवा पाठवायला सांगत असेल तर म्हणायचं: “मला ऐकू कमी येतं, मुलीशी बोलून मीच फोन करते.” आणि ठेवायचा. मग टेलिफोनशेजारच्या वहीतल्या नंबरवर आपण लावायचा. त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही.
“घरी सांगू नका” असं जो म्हणेल तो चोर. तेव्हा मला लगेच लावा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. मी नाही उचलला तर दादाला.
कागद आला तर घाबरू नका, पुसू नका, शिंदे वकिलांना दाखवा.
पैसे गेले तर आधी १९३०, मग बँक, मग मी. त्याच क्रमाने. मी रागावणार नाही.’

आडवाटेचा
आईसाठी ‘करते’, बाबांसाठी ‘करतो’. बाबा जसंच्या तसं वाचून दाखवतील.

शेवंती
😀 केलं. वहीत काय काय लिहू? पासबुकावरचा शाखेचा नंबर, विश्रामबाग पोलीस ठाणं, महावितरण, गॅस, वकील, दादा, मी.

वकीलकाकू
११२ पण. आणि ठाण्याचा नंबर बाबांनाच स्वतः जाऊन आणू दे. एकदा आत पाऊल टाकलं, समोरच्या हवालदाराशी बोलणं झालं की फोनवरच्या ‘साहेबा’चा दरारा निम्मा होतो.

खातेवही
शाखेच्या लँडलाइनवर आधी एकदा लावून बघा. बऱ्याच शाखांचे छापलेले नंबर बंद पडलेत. लागत नसेल तर कार्डाच्या मागचा टोल फ्री लिहा.

सातारी कंदी
आम्ही आणखी एक केलं. यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडलं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे. पेन्शनच्या खात्याला यूपीआय नाहीच. बाबा आधी चिडले, आता त्यांना हिशोब सोपा वाटतो.

मनोहर ७४
हे विचारून केलंत तर चालेल. परस्पर केलंत तर आम्ही उलटं करून टाकू.

शेवंती
पाठवला मेसेज. आईने अंगठा दिला. बाबांचा फोन आला: ‘हा तूच पाठवलास का, वहीतल्या नंबरवरून विचारतोय.’

गोदाकाठ
एक राहिलं. ठेवी ऑनलाइन मोडता येऊ नयेत, शाखेतच जावं लागावं, अशी सोय तुमच्या बँकेत आहे का? मामांच्या बँकेत दोन वेळा विचारलं, दोन वेगळी उत्तरं मिळाली.

खातेवही
बँकेबँकेनुसार वेगळं आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका. काहीजण संयुक्त ठेव करून दोघांच्या सह्या लागतील असं ठेवतात. त्यात वेगळी अडचण अशी की एकजण आजारी पडला तर औषधपाण्याला पैसे काढतानाही दोन सह्या लागतात. त्यामुळे सगळ्या ठेवींना तसं करू नका.

पोपट पंची
`START 0` केलं. लोनचे फोन अजून येतायत.